डावा मुका झाला: दीड हजाराच्या इअरबड्सचे १४ महिने

वॉरंटी १२ महिन्यांची, आणि डावा बड मुका झाला चौदाव्या महिन्यात. याला योगायोग म्हणण्याइतका मी भोळा नाही, असं त्या दिवशी सगळ्यांना सांगत फिरलो. आता थोडं वेगळं मत आहे, पण ते पुढे.

१,४९९ रुपयांना घेतले होते. आवाज, बास, नॉइज कॅन्सलेशन यावर काही लिहीत नाही, त्यावर हजार लोकांनी लिहिलंय. माझा वापर असा: डोंबिवलीहून सकाळची फास्ट, संध्याकाळी परत, आणि दिवसभर ऑफिसचे फोन. त्या सकाळी गाडीत कसाबसा शिरून बड्स कानात घातले तर उजव्यात गाणं आणि डाव्यात शुकशुकाट. चालू होताना होणारा 'टुंग'सुद्धा नाही. रात्रभर चार्जिंगच्या डबीत होता, डबी निम्म्याहून जास्त चार्ज असलेली.

आवाज बारीक किंवा घुसमटलेला येत असेल तर जाळीत मळ अडकलेला असतो. बड चालू असल्याचा टुंग येतो पण गाणं येत नाही, तर फोनच्या सेटिंगमध्ये डावा-उजवा बॅलन्सचा काटा एका बाजूला सरकलाय का ते बघावं. माझा टुंगही करत नव्हता, म्हणजे त्याच्या पोटात चार्जच नव्हता.

सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने बड हातात घेऊन दोन सेकंद पाहिला आणि म्हणाला, "सर, बड डेड आहे. एकटा मिळत नाही, पूर्ण पेअर बदलावी लागेल. ९९९." मी म्हटलं, "अरे, डबीत ठेवून तरी बघ, दिवा लागतो का." त्याने ठेवून पाहिलं नाही. मीही इरेला पेटलो. याला ९९९ द्यायचे नाहीत एवढं ठरवून घरी आलो.

खरं तर पंधरा दिवस आधीच मला सूचना मिळाली होती आणि मी ती ओळखली नाही. बड्स डबीत, डबी खिशात, आणि आईचा फोन आला. फोन कानाला लावून मी "हॅलो, हॅलो" करतोय, काही ऐकू येत नाही. ती चिडून म्हणाली, "बहिरा झालास की काय रे?" अर्थात हे मला ती दुसऱ्या फोनवर म्हणाली. मी नेटवर्कला शिव्या घातल्या. प्रत्यक्षात तिचा आवाज माझ्या खिशात, बंद डबीतल्या डाव्या बडमध्ये येत होता.

हे का होतं ते कळलं की निम्मा आजार कळतो. डबीच्या खाचेत स्प्रिंगवर वरखाली होणाऱ्या दोन बारीक पिना असतात आणि बडच्या देठाखाली सोनेरी मुलाम्याचे दोन ठिपके. पिन ठिपक्याला टेकली की बडला वीज मिळते, आणि बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये 'आपण घरी आलो, आता झोपा' हेही त्याच स्पर्शावरून कळतं. पिन टेकलीच नाही तर बडला वाटतं आपण अजून बाहेरच आहोत. तो रात्रभर फोनला जोडलेला जागा राहतो आणि सकाळपर्यंत रिकामा होतो. म्हणून बड्स डबीत ठेवल्यावरही फोनवर 'जोडलेलं' दिसत असेल तर बड मेलेला समजू नका, आधी पिना बघा.

मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. उजव्या खाचेतल्या दोन्ही पिना सारख्या उंचीच्या. डाव्या खाचेतली एक अर्धी आत रुतलेली, भोवती काळपट-हिरवट कड. घाम, कानातला मळ आणि वीज यांचा तो प्रताप. जिममधून आल्यावर ओलेच बड्स डबीत टाकायचो, दोष कुणाला देणार?

पहिली चूक: हँड सॅनिटायझर लावलं. त्यात अल्कोहोल असतं हे खरं, पण चिकट जेलही असतं. ते वाळून पिनेभोवती पापुद्रा तयार झाला. मग मोबाइल रिपेअरवाल्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली आणली. डबीची चार्जिंगची वायर काढली, लाकडी टूथपिकच्या टोकाला जुन्या बनियनचा धागा गुंडाळला, एक थेंब घेतला आणि पिन हलकेच दाबून सोडत राहिलो. वीसेक वेळा दाबल्यावर ती टुणकन वर आली. तेवढ्या क्षणाचा आनंद ९९९ रुपयांचा होता. सुई किंवा पिनने टोकरू नका, दोन्ही पिना जोडल्या जाऊन शॉर्ट होईल. पॉलिशपेपरने घासूही नका, मुलामा गेला की आतला धातू आणखी लवकर गंजतो. पंधरा मिनिटं वाळू दिलं, डावा ठेवला, दिवा लागला.

पण गाणं अजून उजव्यातच. डावा बराच काळ बंद असताना उजव्याने एकट्याने संसार थाटला होता. फोनच्या ब्लूटूथ यादीत आता एकाच नावाच्या दोन नोंदी दिसत होत्या. मी तीनदा रीसेट केलं आणि तिन्ही वेळा फसलो, कारण फोनचं ब्लूटूथ चालू होतं आणि उजवा डाव्याला शोधण्याआधीच फोनला चिकटत होता. फोनवरचं बंद केल्यावर त्याला ऑफिसच्या लॅपटॉपने धरलं! शेवटी सगळीकडून जुन्या नोंदी काढल्या, सगळ्यांचं ब्लूटूथ बंद केलं, दोन्ही बड बाहेर काढून एकदमच दाबून धरले (माझ्या मॉडेलला दहा सेकंद, तुमचं माहितीपत्रक बघा). आधी त्यांचं एकमेकांशी जुळलं, मग फोनचं ब्लूटूथ चालू केलं. यादीत एकच नोंद, आवाज दोन्हीकडे.

इथवर लिहून पाच स्टार द्यायला निघालो होतो. तीन आठवड्यांनी पुढचा भाग जोडतोय.

डावा उजव्याच्या आधीच मान टाकू लागला. म्हणून रविवारी दोन्ही पूर्ण चार्ज करून एकाच आवाजावर घरीच वाजत ठेवले. डावा १ तास ३५ मिनिटांत बंद, उजवा ३ तास २० मिनिटं. पिना स्वच्छ, डबीतला दिवा नीट, म्हणजे आता दोष डाव्याच्या बॅटरीचाच.

आणि इथे कंपनीवरचा माझा राग थोडा उतरला. असल्या बडची बॅटरी साधारण ४० एमएएचची, फोनची ५,००० ची. ४०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की ती थकायला लागते. ऑफिसचे सगळे फोन मी फक्त डाव्यावर घेत होतो, उजवा कान साहेबांच्या हाकेसाठी मोकळा. माइक चालू असला की खर्च जास्त, त्यात दिवसातून दोनदा चार्जिंग. चौदा महिन्यांत डाव्याने त्याचं आयुष्य जगून घेतलं होतं. वर त्या पंधरा दिवसांत ज्या रात्री पिन टेकली नाही त्या रात्री पूर्ण रिकामा होऊन पडत होता, ते लिथियमच्या बॅटरीला मुळीच सोसत नाही.

बॅटरी बदलण्याबद्दल रिपेअरवाल्याला विचारलं. "काका, डिंकाने चिकटवलेला आहे, उघडला की कवच तुटतं. वाचला तर तुमचं नशीब," म्हणाला. नको म्हटलं.

साडेतीन स्टार. अर्धा सर्व्हिस सेंटरच्या त्या मुलाचा कापला. हल्ली फोन उजव्यावर घेतो, त्यामुळे साहेबांची हाक डाव्या कानाने ऐकावी लागते आणि मान वळते भलतीकडेच.