करंट सोर्स असलेलं सर्किट: नोडल सोपं की मेश?

"करंट सोर्स दिसला की नोडल, व्होल्टेज सोर्स दिसला की मेश" हा नियम बऱ्याच जणांच्या वहीत असतो. मला तो अर्धवट वाटतो, कारण करंट सोर्स दोन्ही पद्धतींना मदत करतो, पण वेगवेगळ्या प्रकारे. मेशमध्ये तो एखादा प्रवाह आयता हातात देतो. नोडलमध्ये तो समीकरणात थेट एक आकडा बनून बसतो. कुठली मदत मोठी, हे सोर्स सर्किटमध्ये कुठे बसला आहे आणि सोबत काय आहे यावर ठरतं. हे एकाच ब्रिजवर दोनदा पाहू.

ब्रिज असा आहे. वर नोड 1, डावीकडे नोड 2, उजवीकडे नोड 3 आणि खाली नोड 0, म्हणजे ग्राउंड. 1 ते 2 मध्ये 5 किलोओहम, 1 ते 3 मध्ये 3, 2 ते 0 मध्ये 6, 3 ते 0 मध्ये 9, आणि मधल्या आडव्या फांदीत, म्हणजे 2 ते 3 मध्ये, 3 किलोओहम. रोध किलोओहममध्ये आणि प्रवाह मिलिअँपिअरमध्ये ठेवले की व्होल्टेज थेट व्होल्टमध्ये येतात. शून्यांची कटकट उरत नाही.

पहिली मांडणी: सोर्स कडेला

7 मिलिअँपिअरचा करंट सोर्स ब्रिजच्या डावीकडून, बाहेरून जोडलेला आहे. तो नोड 0 मधून प्रवाह घेऊन नोड 1 मध्ये ढकलतो. आधी नोडल करून बघू. ग्राउंड सोडून तीन नोड आहेत आणि तिन्हींचे व्होल्टेज अज्ञात आहेत:

```
(V1-V2)/5 + (V1-V3)/3 = 7
(V2-V1)/5 + V2/6 + (V2-V3)/3 = 0
(V3-V1)/3 + (V3-V2)/3 + V3/9 = 0
```

लिहायला सोपी आहेत, चिन्हांचा फारसा गोंधळही नाही. पण तीन अज्ञात, आणि तिन्ही समीकरणांत तिन्ही अज्ञात गुंतलेले. छेदही 3, 5, 6, 9 असे. हाताने सोडवताना चूक होते ती इथे.

आता मेश. खिडक्या तीन आहेत: सोर्सची डावी खिडकी, ब्रिजचा वरचा त्रिकोण आणि खालचा त्रिकोण. सोर्स फक्त डाव्या खिडकीच्या कडेला आहे, दुसऱ्या कुठल्याही खिडकीशी तो सामाईक नाही. म्हणून त्या खिडकीचा प्रवाह 7 मिलिअँपिअर, हे न सोडवताच ठरलं. तिथे केव्हीएल लिहायचाच नाही. वरच्या त्रिकोणाचा प्रवाह Ia आणि खालच्याचा Ib, दोन्ही घड्याळाच्या दिशेने धरले तर:

```
11·Ia -  3·Ib = 5·7 = 35
-3·Ia + 18·Ib = 6·7 = 42
```

दुसऱ्या समीकरणाला 3 ने भागलं की Ia = 6·Ib - 14. ते पहिल्यात घातलं की 63·Ib = 189, म्हणून Ib = 3 आणि Ia = 4. अपूर्णांक एकही आला नाही. व्होल्टेज हवेत तर V3 = 9 × 3 = 27, V2 = 6 × (7 - 3) = 24 आणि V1 = 27 + 3 × 4 = 39. हे आकडे वरच्या तीन समीकरणांत घालून बघा, बरोबर बसतात. म्हणजे प्रश्नात व्होल्टेज विचारले असले तरी इथे मेशनेच जावं, असं माझं मत आहे.

दुसरी मांडणी: सोर्स मध्ये

आता तोच ब्रिज घेऊ, पण 1 आणि 0 च्या मध्ये 39 व्होल्टचा व्होल्टेज सोर्स लावू. मधल्या फांदीतला 3 किलोओहमचा रोध काढून तिथे 1 मिलिअँपिअरचा करंट सोर्स बसवू, दिशा नोड 3 कडून नोड 2 कडे. मुद्दाम असं केलं, कारण पहिल्या मांडणीत त्या रोधातून एवढाच प्रवाह त्याच दिशेने जात होता आणि वरचा व्होल्टेजही एवढाच होता. उत्तरं तीच येणार, त्यामुळे फरक फक्त पद्धतींचा दिसेल.

मेशमध्ये हा सोर्स दोन त्रिकोणांच्या सामाईक कडेवर आहे. त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज आपल्याला माहीत नाही, म्हणून कुठल्याही एका त्रिकोणाचा केव्हीएल एकट्याने लिहिता येत नाही. दोन्ही त्रिकोण जोडून सुपरमेश करावा लागतो आणि सोर्सची अट वेगळी लिहावी लागते. डाव्या खिडकीचा प्रवाह Is धरला तर:

```
Ia - Ib = 1
3·Ia + 9·Ib + 6·(Ib - Is) + 5·(Ia - Is) = 0
5·(Is - Ia) + 6·(Is - Ib) = 39
```

इथली नेहमीची चूक म्हणजे करंट सोर्सचा व्होल्टेज शून्य धरून दोन त्रिकोणांचे केव्हीएल वेगवेगळे लिहिणं. तसं केलं तर सुमारे Ia = 4.45 आणि Ib = 2.85 येतं. म्हणजे मधल्या फांदीत 1.6 मिलिअँपिअर, आणि तिथे तर 1 चा सोर्स बसवलेला आहे. ही वजाबाकी करून पाहायला क्षणभर लागतो. सुपरमेश केल्यावर ती नक्की करावी.

याच मांडणीत नोडल असं दिसतं:

```
(V2-39)/5 + V2/6 = 1
(V3-39)/3 + V3/9 = -1
```

V1 आधीच माहीत आहे. करंट सोर्सचा व्होल्टेज काहीही असो, त्यातला प्रवाह ठरलेला, म्हणून तो V2 आणि V3 ला एकमेकांत गुंतवत नाही. दोन्ही समीकरणं सुटी सुटी आहेत. पहिल्यातून V2 = 24, दुसऱ्यातून V3 = 27. इथे नोडल सरळ जिंकतं.

मोजणीचं सूत्र मी पहिली चाळणी म्हणून वापरतो: नोडलसाठी नोडची संख्या उणे एक उणे व्होल्टेज सोर्स, मेशसाठी मेशची संख्या उणे करंट सोर्स. पहिल्या मांडणीत ते 3 विरुद्ध 2 सांगतं, म्हणजे मेश. पण दुसऱ्यात 2 विरुद्ध 2, बरोबरी! सूत्र फक्त समीकरणं मोजतं, ती एकमेकांत किती अडकलीत ते त्याला कळत नाही. बरोबरी झाली की करंट सोर्सची जागा बघावी. तो दोन अज्ञात नोडच्या मध्ये असेल तर नोडलमध्ये त्यांचा दुवा तुटतो. तो खिडकीच्या बाहेरच्या कडेला असेल तर मेशमध्ये एक खिडकी सुटलेली मिळते.

मधला सोर्स पुन्हा रेखाटून कडेलाही आणता येतो: तारा एकमेकींवरून न नेता मधली फांदी बाहेरून वळवायची. मग सुपरमेश लागत नाही, दोन समीकरणं उरतात. त्या दोन खिडक्यांत सामाईक असतो तो फक्त व्होल्टेज सोर्स, रोध एकही नाही, म्हणून तीही सुटी सुटी असतात. असं रेखाटलं तर या ब्रिजमध्ये मेश नोडलच्या बरोबरीला येतं. सर्किट तारा न छेदता कागदावर मांडताच येत नसेल, तर खिडक्यांची मेश पद्धत लागूच होत नाही. तिथे नोडलनेच जावं.

नोडलमधला एक सापळा मात्र करंट सोर्सशीच जोडलेला आहे. पहिल्या मांडणीत 7 मिलिअँपिअरच्या सोर्ससोबत मालेत 2 किलोओहमचा रोध आहे असं समजा. हात सवयीने नोड 1 च्या समीकरणात V1/2 लिहून टाकतो. ते चूक आहे. त्या फांदीत 7 च मिलिअँपिअर आहेत, मालेत काहीही असलं तरी. V1 39 व्होल्टच राहतो. बदलतो तो सोर्सचा स्वतःचा व्होल्टेज: 39 + 14 = 53 व्होल्ट. म्हणून सोर्सची शक्ती विचारली असेल तरच हा रोध हिशोबात घ्यायचा: 7 × 53 = 371 मिलिवॅट, त्यातले 98 त्या रोधातच खर्च होतात.