व्याकरणाचा संदर्भग्रंथ अडेल तिथे उघडून वापरताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

मराठी मजकूर तपासण्याच्या कामासाठी एक जाडजूड व्याकरणग्रंथ गेले काही महिने मी हाताशी ठेवला आहे. तो पहिल्या पानापासून वाचायचा नाही, वाक्य अडले की संबंधित मुद्दा काढून पाहायचा, असे सुरुवातीलाच ठरवले होते. एवढ्या वापरानंतर मला असे वाटते की या पद्धतीत खरे कष्ट उत्तर समजून घेण्याचे नसतात, तर आपली अडचण ग्रंथात कोणत्या नावाखाली बसवली आहे हे ओळखण्याचे असतात.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. एका लेखात ‘तिने नवी भाषा शिकली’ असे वाक्य आले आणि ते कानाला खटकले. ग्रंथाच्या सूचीत ‘शिकणे’ हा शब्द असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सूची पारिभाषिक संज्ञांची होती. म्हणून हाती असलेल्या ‘ने’ या प्रत्ययापासून सुरुवात केली. तो तृतीया विभक्तीत सापडला आणि तिथून ‘प्रयोग’ या प्रकरणाकडे जाण्याची सूचना मिळाली. त्या प्रकरणातला मुख्य नियम असा की, सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागतो, कर्म प्रथमेत राहते आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. म्हणजे ‘मुलीने धडा वाचला’, पण ‘मुलीने कविता वाचली’. हाच कर्मणी प्रयोग. एवढे वाचून पुस्तक मिटले असते, तर खटकलेले वाक्य निर्दोष ठरले असते, कारण ‘भाषा’ हे कर्म आहे, ते स्त्रीलिंगी आहे आणि ‘शिकली’ हे रूपही स्त्रीलिंगीच आहे.

मात्र त्याच प्रकरणात दोन पाने पुढे, बारीक टाइपात, अपवादांचा परिच्छेद होता. शिकणे, विसरणे, बोलणे, नेसणे अशी काही क्रियापदे कर्म घेत असली तरी भूतकाळात त्यांचा कर्तरी प्रयोगच होतो, असे तिथे सांगितले होते. याची पडताळणी करायची तर कर्त्याच्या लिंगाहून वेगळ्या लिंगाचे कर्म घालून पाहावे. ‘ती नवी भाषा शिकली’ या वाक्यात कर्ता आणि कर्म दोन्ही स्त्रीलिंगी असल्यामुळे क्रियापद नेमके कोणाच्या मागे चालले आहे हे कळत नाही. ‘ती गणित शिकली’ असे म्हटले की लगेच उलगडते: ‘गणित’ नपुंसकलिंगी असूनही क्रियापद ‘ती’शीच जुळते. ही कसोटी ग्रंथात कुठे दिलेली नव्हती. पण नियम आणि अपवाद एकापाठोपाठ वाचल्यामुळेच ती सुचली. तेव्हापासून मुद्दा सापडला तरी प्रकरणाचा तो विभाग शेवटपर्यंत, तळटिपांसह वाचल्याशिवाय मी पान उलटत नाही. वेळ जास्त जातो, हे खरे.

त्याच यादीच्या आधारे ‘म्हणणे’ शोधायला गेलो, तेव्हा मात्र ग्रंथाने फारशी साथ दिली नाही. ‘ती म्हणाली’ आणि ‘तिने गाणे म्हटले’ ही दोन्ही रूपे रोजच्या वापरात आहेत. पहिल्यात बोलण्याचा अर्थ, तर दुसऱ्यात म्हणून दाखवण्याचा. ग्रंथात दोन्ही रूपे नोंदली होती, पण कोणते केव्हा वापरावे याबद्दल अवाक्षर नव्हते. ‘ती पाणी प्याली’ आणि ‘तिने पाणी प्यायले’ यांच्या बाबतीतही तेच. पहिले रूप दिले होते, दुसरे सर्रास कानावर पडत असूनही त्याचा उल्लेख नव्हता. अशा ठिकाणी ग्रंथ गप्प आहे म्हणून ते रूप चूक ठरवणे मला पटत नाही. चांगल्या लेखनात ते कसे येते हे पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

सूचीतली उणीव भरून काढण्यासाठी ग्रंथाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी स्वतःची सूची सुरू केली. तिच्यात संज्ञा नाहीत, अडलेली वाक्ये आहेत: ‘ती गणित शिकली’ आणि पुढे पानाचा क्रमांक. पुन्हा तसेच काही आले की ‘कर्तरी’ की ‘तृतीया’ असा विचार करत बसावे लागत नाही.

या पद्धतीची मोठी मर्यादा वेगळीच आहे. ज्याची शंकाच येत नाही, ते कोणी शोधत नाही. ‘गरीब’चे ‘गरिबांना’ होते, उपान्त्य दीर्घ ‘ई’ सामान्यरूपात ऱ्हस्व होते, हा नियम माहीत नसलेला माणूस ‘गरीबांना’ असे बिनदिक्कत लिहील आणि ग्रंथ शेजारी असूनही तो उघडणार नाही. उलट, नियम ठाऊक असलेला एखादा ‘शरीराला’चे ‘शरिराला’ करून मोकळा होईल, कारण तत्सम शब्दांना हा नियम लागत नाही हे त्याने पाहिलेले नसते. शिवाय शब्द तत्सम आहे की नाही हे व्याकरणग्रंथ प्रत्येक वेळी सांगत नाही. त्यासाठी शब्दकोशच उघडावा लागतो. म्हणून सामान्यरूपाचे आणि प्रयोगाचे अशी दोन प्रकरणे मी ठरवून सलग वाचून काढली. समासाचे प्रकरण तसे वाचावे असे अजून वाटलेले नाही. तिथे गरजेपुरते पाहिले तरी काम भागते.