पोर्टेबल ऑक्सिजन मशीन: आठ महिन्यांनंतर, एका खोडलेल्या लेबलासह

हे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करून नाकाला देणारं, सोबत नेता येणारं मशीन. वजन, रंग, आवाज यांवर शब्द खर्च करत नाही. बाबांचं अख्खं आयुष्य सोलापुरात यंत्रमागावर गेलं, आता फुफ्फुसं साथ देत नाहीत. घरात मोठं पाच लिटरचं मशीन आहे, पण ते विजेवर चालतं. बाहेर जायचं म्हणून हे बॅटरीवालं घेतलं. दिल्लीला बहिणीकडे विमानाने जाऊन आल्यावर लिहितोय, त्यामुळे सूर थोडा तिखट आहे.

आधी चांगलं. विमान कंपनीला ४८ तास आधी कळवलं, डॉक्टरांच्या सहीचा वैद्यकीय फॉर्म मेलने पाठवला, परवानगी आली. यात मशीनचं मॉडेल, ऑक्सिजन किती सोडायचा ते सेटिंग आणि किती बॅटऱ्या सोबत आहेत हे लिहावं लागतं. भरलेले सिलिंडर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत, म्हणून हेच मशीन हवं.

आता बॅटरी. विमान कंपन्या साधारण उड्डाणवेळेच्या दीडपट बॅकअप मागतात. पुणे–दिल्ली तिकिटावर सव्वादोन तास, म्हणजे जवळपास तीन तास बावीस मिनिटं. माहितीपत्रकात सेटिंग दोनवर चार तास लिहिलेत. पण केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी इतकी विरळ असते, त्यामुळे डॉक्टरांनी सेटिंग तीन सांगितलं. तीनवर आमची मूळ बॅटरी, आठ महिने वापरलेली, जेमतेम अडीच तास चालली. म्हणजे दुसरी हवीच. ती पाच आकडी किंमतीची, तीही घेतली.

आणि इथे घोळ झाला. बॅटरीत किती वीज मावते ते वॅट-अवरमध्ये मोजतात, आणि विमानातले नियम त्यावरच ठरतात. शंभर वॅट-अवरपर्यंतच्या सुट्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. शंभर ते एकशे साठमध्ये कंपनीची संमती लागते आणि अशा दोनच सुट्या नेता येतात. आमच्या बॅटरीवर १४.४ व्होल्ट आणि ६४०० एमएएच. गुणाकार करून हजाराने भागलं की ९२ वॅट-अवर येतात, म्हणजे शंभरच्या आतच. पण वॅट-अवरचा आकडा काळ्या प्लास्टिकवर राखाडी अक्षरांत, मुंगीसारखा छापलेला. बाबांच्या घामट हातांनी तो पार पुसला गेला होता. पुण्याच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘‘काका, वॅट-अवर दिसत नाही, कसं सोडू?’’ मी गुणाकार करून दाखवला, तरी तिला लिहिलेलाच आकडा हवा होता. शेवटी मोबाईलमधलं मॅन्युअलचं पान आणि बिल दाखवलं, वरिष्ठ आले, तेव्हा सुटलो. एवढ्या महाग बॅटरीवर एक टिकाऊ छाप मारता येत नाही? आपल्याकडच्या चादरीवरचं लेबल त्याहून जास्त धुण्यात टिकतं.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. ‘‘लेबल वॉरंटीत येत नाही सर, नवी बॅटरी घ्या.’’ नवी घ्या! लेबलासाठी!

सुट्या बॅटऱ्या हातसामानातच ठेवा, चेक-इन बॅगेत नाही. आग लागली तर केबिनमध्ये विझवता येते, खाली होल्डमध्ये कुणी पोहोचू शकत नाही. टोकांवर चिकटपट्टी लावून वेगवेगळ्या पिशव्यांत. आणि केबिन भरली म्हणून दारातच बॅग होल्डमध्ये घ्यायला लागले, तर बॅटऱ्या बाहेर काढून घ्या. मशीन पुढच्या सीटखाली ठेवायचं, आणि इमर्जन्सी दारालगतची सीट मिळत नाही.

घरी वापरताना हे मशीन मला फार आवडलं होतं, विमानात मत थोडं बदललं. हे सतत ऑक्सिजन सोडत नाही. नाकाने श्वास ओढला की झुळूक देतं, म्हणून बॅटरी पुरते. पण बाबा विमानात तोंड उघडं टाकून झोपले, मशीनला श्वास कळला नाही आणि ते पीपी करू लागलं. ऑक्सिमीटरवर ८८ दिसलं. उठवून नाकाने श्वास घ्यायला लावला, तेव्हा ९२ वर आलं. रात्रीच्या झोपेसाठी आम्ही हे वापरत नाहीच, आता विमानातही झोपू देणार नाही.

शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांकडे झोपेचं सीपॅप मशीन होतं. त्यांना मात्र असा फॉर्म द्यावा लागला नाही. सिक्युरिटीला बॅग उघडली, पाण्याची टाकी रिकामी आहे ना एवढंच पाहिलं.

दीडपटीच्या हिशेबात टर्मिनलवरची वाट येत नाही, हेही ध्यानात घ्या. आमचं विमान तासभर उशिरा होतं. सोलापूरहून निघताना ट्रेनमध्ये सॉकेटवर मशीन लावलं होतं आणि पुण्यात गेटजवळचा प्लग शोधला, म्हणून दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या राहिल्या. बॅटरी उन्हात तापली तर चार्ज घेत नाही, आमच्या मे महिन्यात हे रोजचंच.

सध्या बॅटरीवर सेलोटेपखाली जाड मार्करने ‘१४.४ × ६.४ = ९२ वॅट-अवर’ लिहिलेला कागद चिकटवलाय, आणि मॅन्युअलच्या त्या पानाची छापील प्रत पिशवीत आहे. मशीनला पाचपैकी चार. सर्व्हिसला एक, तोही बोलणारा मुलगा सौम्य होता म्हणून. नवी बॅटरी घेणार नाही. दिवाळीला पुन्हा जायचं झालं तर तिसरी भाड्याने मिळते का बघतोय.