किलोवर धुलाई की नगावर ड्राय क्लीन? आठ महिने दोन्ही वापरून झालेला हिशोब

आम्ही कोथरूडला राहतो, घरात चार माणसं, नवरा-बायको दोघं नोकरीला आणि मागच्या वर्षी वॉशिंग मशीनने मान टाकली तेव्हा नवीन घेईपर्यंत म्हणून किलोवाली लाँड्री लावली ती आजतागायत चालूच आहे. आमच्या इथले रेट सांगते, तुमच्याकडे पाच-दहा रुपये इकडेतिकडे असतील. धुऊन नुसती घडी 75 रुपये किलो, धुऊन इस्त्री 110 रुपये किलो, एका वेळी कमीत कमी 4 किलो. त्याच दुकानात ड्राय क्लीन नगावर: शर्ट 90, साधी साडी 250, सिल्क साडी 350, टू-पीस सूट 400.

पहिले दोन महिने मी सगळंच इस्त्रीवाल्या रेटने देत होते. वाटायचं काय स्वस्त आहे, शर्टाला 90 कुठे आणि 24 कुठे. मग एकदा बॅगा मोजायचा तो हुकवाला काटा घेऊन बसले आणि एकेक कपडा पिशवीत घालून लटकवला. फुल शर्ट साधारण 220 ग्रॅम, म्हणजे 24 रुपये, मस्त. पण जीन्स 700 ग्रॅम, म्हणजे 77 रुपये! टॉवेल 450 ग्रॅम, 50 रुपये, आणि टॉवेलला इस्त्री करून आपण काय लग्नाला जाणार आहोत का. किलोच्या रेटची गंमतच ही आहे, की इस्त्रीची खरी मेहनत शर्टाला लागते, त्याच्या कॉलरला आणि कफला, पण पैसे जातात जाड कापडाचे.

आमच्या एका आठवड्याचं सांगते. आठ शर्ट, तीन कुर्ते, तीन जीन्स, दोन टॉवेल, एक डबल बेडशीट अभ्र्यांसकट. घरच्या काट्यावर 6 किलो 260 ग्रॅम भरलं, दुकानवाला अर्ध्या किलोला राउंड करतो, म्हणून साडेसहा. इस्त्रीच्या रेटने 715 रुपये. म्हणलं दोन ढीग करू, इस्त्रीचे वेगळे, घडीचे वेगळे, तर तो म्हणाला "ताई, दोन्हीला मिनिमम चार किलो लागेल." मग सगळंच घडीच्या रेटने दिलं, 488 रुपये, आणि आल्यावर शर्ट-कुर्ते मिळून अकरा नग सोसायटीच्या गेटवर इस्त्रीवाले काका बसतात त्यांना दिले, 8 रुपये नगाप्रमाणे 88. एकूण 576. आठवड्याला जवळपास 140 वाचले आणि काकांची इस्त्री लाँड्रीपेक्षा चांगली असते हे वेगळंच, कारण तिकडे बटणांच्या मधला भाग तसाच चुरगळलेला येतो.

एक काळजी घ्या, पावसाळ्यात अर्धवट वाळलेले टॉवेल पिशवीत टाकू नका, पाण्याचं वजनही 75 रुपये किलोनेच मोजलं जातं. शिवाय दोन दिवस पिशवीत राहिले की कुबट वास सगळ्या कपड्यांना लागतो.

आता साड्या. इथे मात्र किलोचा मोह नडला. माझी एक सिल्क-कॉटनची साडी, मोरपंखी, काठ जरा जाड, वजन जेमतेम 550 ग्रॅम. ड्राय क्लीनला 350 आणि किलोत 60 रुपये, मनात आलं अर्धं कॉटनच तर आहे, काय होतंय, आणि टाकली पिशवीत. परत आली तेव्हा रंग ठीक होता, जरही ठीक, पण खालचा काठ असा गोळा झालेला जणू कोणी धागा ओढून चुण्या पाडल्यात. फॉल आटला होता. फॉल कॉटनचा, शिवायच्या आधी पाण्यात भिजवलेला नव्हता, तो पाण्यात आखडला, साडी मात्र होती तेवढीच राहिली, आणि शिवण दोघांना धरून बसलेली, मग चुण्या पडणारच. इस्त्रीने गेल्या नाहीत. शेवटी फॉल उसवून, नवीन फॉल रात्रभर भिजवून वाळवून परत लावला आणि साडी रोल प्रेसला दिली तेव्हा कुठे नेसण्यासारखी झाली. 290 रुपये वाचवायला गेले आणि त्याहून जास्त खर्च करून बसले. सासूबाई म्हणाल्या, "फॉल भिजवून लावतात हे शिंपिणीलाही कळतं गं," यावर मी काही बोलले नाही.

तेव्हापासून नियम असा: पूर्ण कॉटनची साडी, फॉल भिजवलेला माहीत असेल तर घरी हाताने धुवायची, हलकी खळ, आणि रोल प्रेस. किलोत दिली तर धुतात बरी पण इस्त्री घडीवरच दाबून करतात, मग निऱ्या काढताना त्या आडव्या रेषा दिसत राहतात. सिल्क, पैठणी वगैरे ड्राय क्लीनच, पण दर नेसण्याला नाही. सावलीत वाऱ्यावर टाकायची आणि वर्षातून एकदा द्यायची. घाम लागतो तो ब्लाउजला, त्याचं वेगळं बघायचं.

आणि ड्राय क्लीनला देताना डाग कशाचा आहे ते तोंडाने सांगा. तिथे पाण्याऐवजी सॉल्व्हंट असतं, तुपातेलाचा डाग त्यात छान सुटतो पण साखरेचा आणि घामाचा नाही, त्याला आधी वेगळं स्पॉटिंग करावं लागतं. माझ्या एका साडीवर लग्नात पन्हं सांडलं होतं, वाळल्यावर काहीच दिसेना म्हणून मी सांगितलंच नाही. ड्राय क्लीन होऊन आली, कपाटात गेली, आणि दिवाळीत काढली तर पदरावर तपकिरी नकाशा. साखर आतच राहिली होती, इस्त्रीच्या उष्णतेने आणि काळाने तिचा रंग झाला. तो आता जात नाही.

सुटाचं थोडक्यात. वजन 1 किलो 300 ग्रॅम, म्हणजे किलोत 143 रुपयांत होईल असं वाटतं, पण कोटाच्या पुढच्या भागात आतून चिकटवलेलं अस्तर असतं, ते पाण्याने सुटलं की छातीवर बुडबुडे येतात आणि मग तो कोट फक्त घरात घालायचा. दर वेळी 400 घालवायचीही गरज नसते, ऑफिसात दोन तास घातलेला कोट ब्रश करून नुसतं स्टीम प्रेस केला तरी चालतो, आमच्याकडे 80 रुपये. मात्र ड्राय क्लीन करायचंच तर कोट आणि पँट एकत्रच द्या, नाहीतर काही वेळांनी दोघांच्या रंगात फरक दिसायला लागतो.

राहिलं पावतीचं. ड्राय क्लीनच्या पावतीवर नगाचं नाव, रंग, डाग सगळं लिहितात, किलोच्या पावतीवर फक्त वजन आणि फार तर नगांचा आकडा. खाली बारीक अक्षरात असतं की नुकसान झालं तर धुलाईच्या पाचपट भरपाई. त्या मोरपंखी साडीची धुलाई झाली होती 60 रुपये, म्हणजे भरपाई 300. मी भांडले तर पुढची चार किलोची पिशवी फुकट दिली त्यांनी. तेव्हापासून पिशवी बांधायच्या आधी सगळे कपडे पलंगावर पसरून एक फोटो काढते आणि नग मोजून त्यांच्यासमोरच पावतीवर लिहून घेते. मागच्या महिन्यात मुलाचा शाळेचा एक शर्ट आला नव्हता, फोटो दाखवला तर दुसऱ्या कुणाच्या पिशवीतून संध्याकाळपर्यंत निघाला.