टीव्हीतलं बोलणं कळेना, तेव्हा काय काय करून पाहिलं: सात महिन्यांचा अनुभव

दिवाळीत आम्ही 43 इंची टीव्ही घेतला. चित्राबद्दल पहिल्या दिवसापासून आजवर एकही तक्रार नाही. पण आठवडाभरात आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, सुरू झालं, "अगं, काय म्हणाला तो?" सिनेमा असो की वेबमालिका, दर दोन वाक्यांनी हाच प्रश्न. आवाज 20 वरून 35 वर नेला की पार्श्वसंगीत अंगावर यायचं आणि बोलणं मात्र तोंडावर रुमाल धरल्यासारखंच राहायचं. त्यांचं वय 70, म्हणून घरात सगळ्यांनी कानांवर खापर फोडलं. कान तपासले. बारीक, उंच आवाज वयोमानाने थोडे कमी ऐकू येतात, पण यंत्र लावावं इतकं नाही, असं निघालं. आणि मलाही कित्येक वाक्यं कळत नव्हती, माझं वय तर 41.

धागा सापडला तो बातम्यांमुळे. त्याच टीव्हीवर, 18 आवाजावर, आई अर्धा तास बातम्या बघत होत्या आणि त्यांनी एकदाही काही विचारलं नाही. म्हणजे टीव्हीला बोलणं ऐकवता येत होतं. अडचण सिनेमाचा आवाज त्याच्याकडे ज्या रूपात येतो, त्यात होती. तुमच्या घरी आधी हीच परीक्षा करा. बातम्या स्पष्ट आणि सिनेमा अस्पष्ट असेल तर बरंचसं सेटिंगमध्ये सुटतं. बातम्याही गढूळ वाटत असतील तर टीव्हीचे स्पीकर, त्याची जागा किंवा कान, यांकडे बघावं लागेल.

सिनेमाचा आवाज बहुतेक वेळा 5.1 म्हणजे सहा वाटांनी बांधलेला असतो. त्यातली मधली वाट मुख्यतः संवादांसाठी असते. थिएटरात तिचा स्पीकर पडद्यामागे, बरोबर समोर असतो. संगीत, पाऊस, गर्दी हे बाजूंनी आणि मागून येतं, म्हणून कानाला बोलणं वेगळं काढता येतं. घरच्या टीव्हीला स्पीकर दोनच. मग मधली वाट दोन्हींकडे वाटून दिली जाते, सहसा थोडी कमी करून, आणि पाऊस, संगीत, गर्दी त्याच दोन स्पीकरांत येऊन मिसळतात. त्यातून आताचे टीव्ही इतके पातळ की स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आपल्यापर्यंत येतो तो भिंतीवर किंवा फळीवर आपटून आलेला आवाज.

यात स्वर टिकतात, व्यंजनं हरवतात. 'आ', 'ओ' यांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, त, ठ ओळखायला लागणारा बारीक आवाज साधारण 2000 ते 8000 हर्ट्झमध्ये असतो आणि मुळात दुबळा असतो. म्हणून 'साठ', 'पाठ' आणि 'आठ' तिन्ही एकसारखे ऐकू येतात. वयानुसार कानही आधी तिथेच कमी होतो. नुसता आवाज वाढवून उपयोग का होत नाही, ते मला इथे कळलं: खालचा घुमारा त्याच प्रमाणात वाढतो आणि बारीक व्यंजनांना झाकून टाकतो.

मग मी एक दृश्य निवडलं. दोन माणसं पावसात गाडीत बसून बोलतात, दीड मिनिटाचं, मागे हलकं संगीत. सबटायटल बंद. दहा वाक्यं कागदावर लिहून ठेवली आणि आईंना प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. मूळ सेटिंगवर चार आली. दरवेळी एकच गोष्ट बदलायची आणि आवाजाचा आकडा 22 च ठेवायचा, असं ठरवलं. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते समजत नाही. मात्र तेच दृश्य तीनदा ऐकून वाक्यं पाठ होतात, म्हणून त्याच मालिकेतली आणखी दोन दृश्यं हाताशी ठेवली.

सगळ्यात आधी खोटा सराउंड बंद केला. आमच्याकडे आवाजाचा मोड Cinema वर होता. दोन स्पीकरांतून आवाज पसरल्याचा भास व्हावा म्हणून तो आवाजाच्या लहरींत फेरफार करतो आणि त्यात मधलं बोलणं विरघळतं. Standard केल्यावर सहा वाक्यं आली. दुसरा बदल सिनेमा लागलेला असतानाच करायचा. अ‍ॅपमधल्या भाषेच्या यादीत कधीकधी तीच भाषा दोनदा दिसते, एक 5.1 लिहिलेली आणि एक साधी. साधी म्हणजे दोन स्पीकरांसाठीची, ती निवडायची. प्रत्येक सिनेमाला ही सोय नसते, पण आहे तिथे आमच्याकडे फरक लगेच जाणवला. सेट टॉप बॉक्सच्या आवाजाच्या मेनूमध्येही Dolby ऐवजी Stereo ठेवलं.

तिसरी गोष्ट इक्वलायझर, म्हणजे आवाजाच्या खालच्या-वरच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमीजास्त करायचं सेटिंग. इथे मी चुकले. बोलणं उठावं म्हणून वरच्या पट्ट्या खूप चढवल्या, तर 'स' शिट्टीसारखा टोचायला लागला आणि आईंचं डोकं दुखलं. मग उलट केलं. 100 हर्ट्झची पट्टी चार घर खाली आणली, 300 ची दोन घर, आणि 3000 च्या जवळची फक्त दोन घर वर. भिंतीला टांगलेल्या टीव्हीत घुमारा मुळातच वाढतो, त्यामुळे खालचं कमी केल्याचा फायदा वरचं वाढवण्यापेक्षा जास्त झाला. नवीन दृश्यावर दहापैकी नऊ वाक्यं आली. संगीत किंचित पोकळ वाटतं, हे मान्य करून चालावं लागतं.

Clear Voice किंवा तत्सम नावाचं सेटिंग बहुतेक टीव्हींत असतं. ते मधल्या पायरीपर्यंत चांगलं, त्यापुढे माणसं टेलिफोनवर बोलल्यासारखी वाटतात. रात्री Auto Volume लावते. ते मोठा धमाका दाबतं आणि हळू बोलणं वर आणतं, त्यामुळे रिमोट हातात धरून बसावं लागत नाही. क्रिकेटला मात्र ते बंद. समालोचक थांबला की ते प्रेक्षकांचा गोंगाट वर ओढतं आणि पुढचं वाक्य त्यात बुडतं.

सेटिंगबाहेरच्या दोन गोष्टीही सांगते. टीव्हीखालच्या फळीवर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर सेट टॉप बॉक्स होता, नेमका खाली तोंड केलेल्या स्पीकरसमोर. कापड बारीक आवाज शोषतं. रुमाल काढला, बॉक्स बाजूला सरकवला. आणि पंखा पाचवरून तीनवर आणला, कारण त्याची सततची सूं सूं त्याच बारीक व्यंजनांवर पडते. मे महिन्यात हे जमलं नाही. तेव्हा आईंची खुर्ची टीव्हीपासून 11 फुटांवरून 7 फुटांवर घेतली.

यातलं काही कामाला येत नाही असे सिनेमेही आहेत. नट मुळातच पुटपुटत असेल किंवा संगीत बोलण्यावर चढवून मिसळलेलं असेल, तर सेटिंग ते वेगळं काढू शकत नाही. तिथे आम्ही सबटायटल लावतो. साउंडबारचा विचार आहे, पण वेगळा मधला स्पीकर असलेलाच, म्हणजे डब्यावर 3.1 किंवा 5.1 लिहिलेला. बहिणीकडे 2.1 आहे. त्यात धमक आली, संवाद होते तिथेच राहिले.

आता आवाज 22 वर असतो. काल रात्री आईंनी पूर्ण सिनेमात दोनदाच विचारलं, आणि त्यातलं एक वाक्य मलाही कळलं नव्हतं.