व्हॅसलिन, सिलिकॉन की टेफ्लॉन? आणि बूच अडकलंच तर गरम पाणी की ॲसिड?

प्रयोगशाळेत काचेचं बूच अडकलं की पहिला माणूस ते पिळतो. दुसरा रुमाल गुंडाळून जास्त जोरात पिळतो. तिसऱ्याच्या हातात मान तुटून येते, आणि तळहाताला टाके पडतात. म्हणून आधी एवढं ठरवा की बूच पिळून काढायचं नाही. मग निवडीचे दोन प्रश्न उरतात: जोडाला, म्हणजे बूच आणि मान जिथे एकमेकांत घट्ट बसतात त्या घासलेल्या काचेला काय लावायचं, आणि अडकलंच तर कोणता उपाय आधी करायचा. दोन्हींचं उत्तर फ्लास्कमध्ये काय भरलंय यावर ठरतं.

आधी लावण्याचं. आपल्याकडे बी-२४, बी-१९, बी-१४ असे जोड सर्रास असतात. आकडा म्हणजे रुंद टोकाचा व्यास, साधारण मिलिमीटरमध्ये. उतार सगळ्यांचा सारखाच, दर 10 मि.मी. लांबीला व्यास 1 मि.मी.ने कमी होतो. म्हणून एका कंपनीचं बूच दुसऱ्या कंपनीच्या फ्लास्कला बसतं.

व्हॅसलिन सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारं. ब्युरेटच्या काचेच्या तोटीला, पाण्यातल्या द्रावणाच्या बाटलीला, थंड कामाला ते पुरेसं आहे. पण ते गरम झालं की पातळ होतं आणि ओघळून थेट फ्लास्कमध्ये उतरतं. रिफ्लक्सला, म्हणजे द्रावक तासन्‌तास उकळत ठेवायच्या कामाला लावलंत तर तासाभरात जोड कोरडा आणि माल तेलकट. हेक्झेन, टोल्यून, पेट्रोलियम ईथर हे तर त्याला धुऊनच नेतात.

सिलिकॉन ग्रीस उष्णता सहन करतं, व्हॅक्यूमला चांगलं, पाण्यातल्या आणि अल्कोहोलमधल्या रिफ्लक्सला माझी पहिली पसंती. त्याची किंमत मात्र नंतर मोजावी लागते. ॲसिटोनने ते नीट निघत नाही. हेक्झेन किंवा डायक्लोरोमिथेनमध्ये बुडवलेल्या टिश्यूने पुसावं लागतं. आणि माल संयुग ओळखायच्या एन.एम.आर. चाचणीला पाठवला की प्रोटॉन स्पेक्ट्रममध्ये 0.07 पी.पी.एम.च्या आसपास एक टोकदार रेष उभी राहते. नवीन मुलं ती आपल्या संयुगाची समजून तासन्‌तास डोकं खाजवतात. माल ओतण्याआधी फ्लास्कच्या मानेचं ग्रीस पुसून घेतलं तर ही भानगड टळते.

टेफ्लॉनची बाही, म्हणजे जोडावर चढवायची पातळ पांढरी नळी, हा तिसरा पर्याय. माल अस्वच्छ होत नाही, वापरून धुऊन पुन्हा चालते, आणि अल्कली भरलेल्या फ्लास्कला हाच पर्याय मला पटतो. पण टेफ्लॉन तापल्यावर बोरोसिलिकेट काचेच्या कितीतरी पट जास्त फुगतं. त्यामुळे गरम असताना घट्ट आणि थंड झाल्यावर सैल, असा त्याचा स्वभाव आहे. उच्च व्हॅक्यूमसाठी मी ती घेत नाही.

थोडक्यात, थंड आणि पाण्याचं काम असेल तर व्हॅसलिन, उष्णता वा व्हॅक्यूम असेल तर सिलिकॉन, माल एन.एम.आर.ला जाणार असेल किंवा अल्कली असेल तर टेफ्लॉन. तीव्र कॉस्टिक आठवडाभर ठेवायचं असेल तर यातलं काहीच नको. प्लॅस्टिकची बाटली घ्या.

ग्रीस लावण्यात सगळे एकच चूक करतात, ते जास्त लावतात. जोड कोरडा पुसा. बुचाच्या वरच्या, रुंद भागावर तांदळाच्या दाण्याएवढे दोन ठिपके समोरासमोर द्या आणि खालचा एक तृतीयांश भाग कोरडा ठेवा. मग बूच बसवून थोडं दाबत मागेपुढे फिरवा. दुधट काच पारदर्शक होत जाते. रंग सगळीकडे सारखा नितळ झाला की थर बरोबर बसला. उभ्या पांढऱ्या रेघा राहिल्या तर तिथून गळणार. खालच्या कडेला ग्रीसचं कडं फुगलं तर तेच मालात जाणार. फक्त व्हॅक्यूमच्या कामाला संपूर्ण जोडावर थर हवा.

आता अडकलेल्या बुचाचं. हात लावण्याआधी आत काय आहे ते वाचा. जुन्या ईथरची बाटली असेल, बुचाभोवती पांढरे स्फटिक दिसत असतील, तर तिला हलवूही नका. ते पेरॉक्साइड असू शकतं आणि घर्षणाने त्याचा स्फोट होऊ शकतो. प्रमुखांना कळवा आणि बाजूला व्हा. आत दाब तयार झाला असण्याची शक्यता असेल तरी गरम करण्याचा विचार सोडा.

बाकीच्या ठिकाणी कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं. क्षार किंवा साखर वाळून चिकटली असेल तर गरम पाण्यात भिजवा. चिकट सेंद्रिय माल असेल तर त्याचा द्रावक मानेच्या खाचेत थेंबाथेंबाने सोडा. आणि गरम फ्लास्क बंद करून थंड झाला असेल, तर आत हवा आकसून बूच ओढलं गेलंय. त्याला फक्त परत कोमट करायचंय.

गरम करण्याचा उपाय नेमका किती करतो हे मोजून पाहिलंत तर त्याची मर्यादा कळते. बोरोसिलिकेट काच दर अंशाला 3.3 दशलक्षांशाने फुगते. 24 मि.मी.ची मान बुचापेक्षा 60 अंशांनी गरम झाली तर व्यास वाढतो जेमतेम 0.005 मि.मी. उतार 10 ला 1 असल्यामुळे बूच 0.05 मि.मी. खाली सरकलं तरी तेवढी फट भरून निघते, म्हणजे फट इतकीशीच असते. पण बूचही हळूहळू तापतं आणि फरक संपतो. म्हणून गरम कापड मानेभोवती अर्धा मिनिट गुंडाळून लगेच लाकडी पट्टीने बुचाच्या बाजूला हलकेच टकटक करायची, कडेकडेने. पाच मिनिटं तापवून काही होत नाही. साध्या सोडा-लाइम काचेला हा उपाय जास्त लागू पडतो, कारण ती जवळजवळ तिप्पट फुगते. पण उष्णतेच्या धक्क्याने तडकतेही लवकर.

चौथं कारण अल्कली, त्याचा एक प्रसंग सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत अल्कोहोलमधल्या कॉस्टिक पोटॅशचा 250 मि.ली.चा फ्लास्क काचेच्या बुचासकट तसाच राहिला. परतलो तर मानेवर पांढरी पापडी. आत अल्कोहोल, म्हणून हीट गनचा प्रश्नच नव्हता. पापडीवर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला, बारीक बुडबुडे आले, म्हणजे कार्बोनेट. आशा आहे, असं समजलो. कापूस ॲसिडमध्ये भिजवून मानेभोवती ठेवला, दिवसातून दोनदा ओला केला. तिसऱ्या दिवशी गरम कापड, टकटक, आणि बूच सुटलं. मान धुतल्यावर मात्र तिथे धुरकट कडं राहिलं, कोणत्याही द्रावकाने न जाणारं. अल्कलीने काच खाल्ली होती. तो फ्लास्क आता व्हॅक्यूमला चालत नाही. त्यावर मार्करने तसं लिहून साध्या कामासाठी ठेवलाय.

बुडबुडे आलेच नसते आणि चार-पाच दिवसांत काही हललं नसतं, तर मी थांबलो असतो. काच आणि काच सिलिकेटने जुळून गेलेली असते, तिथे नव्या फ्लास्कची किंमत तुमच्या बोटांपेक्षा कमीच असते.