खोकी कोणाला द्यायची? दोन कंपन्यांचे ग्राहक, त्यांच्याच कागदांतून

अमळनेरकडचा माझा एक मित्र जळगाव एमआयडीसीत कोरुगेटेड खोकी बनवतो. उलाढाल वर्षाला ४ कोटी. त्यातलं बरंचसं काम रावेर-यावलच्या केळी निर्यातदारांचं, म्हणजे हंगामी. यंदा दोन कंपन्यांनी त्याच्याकडे बारमाही मागणी ठेवली. एक मोठी, ठिबकचं साहित्य आणि पीव्हीसी पाइप बनवणारी; तिला वर्षाला दीड कोटीची खोकी हवीत. दुसरी लहान, डाळमिल, सुपरमार्केटच्या नावानं पाकिटं भरून देणारी. तिला ६० लाखांची. दोघींनाही ६० दिवसांची उधारी हवी. केळीचं काम सांभाळून एकीलाच हो म्हणता येईल, आणि बँकेची सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या उचलीची मर्यादा ५० लाखांची. त्यानं मला एकच विचारलं, “भाऊ, पैसा कवय येतीन?” म्हणजे पैसे कधी येतील?

दोन्ही कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत. त्यामुळे त्यांचे ग्राहक कोण, माल कोणाकडून येतो आणि पैसे किती दिवस अडकतात हे बऱ्यापैकी घरबसल्या वाचता येतं. नावं झाकतो आणि आकडे गोल करतो.

मोठी कंपनी मुख्य बाजारात आहे, त्यामुळे तिला इंड एएस ही हिशोबपद्धत लागू आहे. त्यातल्या १०८ क्रमांकाच्या मानकात नियम आहे: एखाद्या ग्राहकाकडून महसुलाचा १० टक्के किंवा जास्त वाटा येत असेल तर ती गोष्ट आणि रक्कम सांगावी लागते, नाव मात्र सांगावं लागत नाही. वार्षिक अहवालाच्या पीडीएफमध्ये `major customer`, `single customer` किंवा `10%` शोधलं की ही टीप सापडते. उपकंपन्या धरून एकत्रित आणि कंपनीचा एकटीचा स्वतंत्र असे दोन ताळेबंद असतील तर एकत्रितमध्ये बघा; स्वतंत्रमध्ये ती नसली तरी नियमाला धरूनच असतं. मोठ्या कंपनीची टीप एका ओळीची निघाली: १० टक्क्यांवर एकही ग्राहक नाही.

मित्र खूश झाला. मी झालो नाही, कारण त्या मानकात सरकारबद्दल एक सवलत आहे. एका मालकीखालच्या कंपन्या एकच ग्राहक धरायच्या असतात, पण सरकारी खाती आणि संस्था एक धरायच्या की वेगळ्या, हे कंपनीनं आपल्या विवेकानं ठरवायचं. ठिबकच्या धंद्यात सगळी गोम इथेच आहे. केंद्राच्या सूक्ष्म सिंचन योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान आहे, आणि आपल्या राज्यात पूरक अनुदान धरून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. महाराष्ट्रात ते शेतकऱ्याच्या खात्यात येतं, काही राज्यांत सरकारी संस्थेकडून थेट कंपनीला मिळतं. म्हणजे बिलावर नाव शेतकऱ्याचं किंवा विक्रेत्याचं असलं तरी पैशाचा मोठा भाग सरकारी तिजोरीतून निघतो.

त्याच अहवालात शेवटाकडे बीआरएसआर, म्हणजे धंद्याची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, हा भाग असतो. बाजारमूल्यानं पहिल्या १००० कंपन्यांना तो सक्तीचा आहे. त्यात विक्रीपैकी किती विक्रेत्यांमार्फत झाली, विक्रेते किती आणि त्यातल्या पहिल्या दहांचा वाटा किती, हे द्यावं लागतं. मोठ्या कंपनीची ७० टक्के विक्री ११०० विक्रेत्यांमार्फत होते आणि पहिल्या दहांचा वाटा १८ टक्के आहे. इथे पुष्कळ लोक फसतात. हे १८ टक्के विक्रेत्यांना झालेल्या विक्रीचे आहेत, एकूण विक्रीचे नाहीत. ७० टक्क्यांचे १८ टक्के म्हणजे साधारण साडेबारा. विक्रेत्यांच्या बाजूनं धंदा खरोखरच पसरलेला आहे. उरलेल्या ३० टक्क्यांत ८ निर्यात, आणि २२ तीन राज्यांच्या सरकारी संस्था. प्रत्येक राज्य १० टक्क्यांच्या आत, म्हणून टिपेत कोणीच नाही. ही फोड मला पतमानांकन संस्थेच्या टिपणात मिळाली. हे टिपण मानांकन संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट असतं, आणि कंपनी जे आडून सांगते ते तिथे बहुधा सरळ लिहिलेलं असतं.

मग येणी बघितली. महसूल ६०० कोटी, येणी २१० कोटी, म्हणजे विक्रीचे १२८ दिवस. (येण्यांत जीएसटी असतो आणि महसुलात नसतो, त्यामुळे खरे दिवस थोडे कमी धरा.) येण्यांच्या वयाचा तक्ता आता प्रत्येक कंपनीला द्यावा लागतो. त्यात ६० कोटी एक वर्षाहून जुने दिसले, आणि ‘वादग्रस्त’ या ओळीत जवळजवळ काहीच नाही. कोणी नाकारलेलं नाही, फक्त दिलेलं नाही. सरकारी येण्याचं रूप असंच असतं.

लहान कंपनीची गोष्ट उलटी. ती दोन वर्षांपूर्वी एसएमई मंचावर, म्हणजे शेअर बाजाराच्या लहान कंपन्यांसाठीच्या विभागात आली. त्या वेळच्या माहितीपत्रकात जोखमीच्या प्रकरणात तीन वर्षांचा तक्ता होता. ग्राहकांची नावं ‘ग्राहक १’, ‘ग्राहक २’ अशी, पण टक्के स्पष्ट: पहिला ग्राहक २४, मग ३१, मग ३८ टक्के. पहिले दहा मिळून ८४.

३८ बघून मित्राचा चेहरा उतरला. मी त्याला टक्के सोडून रुपये मांडायला लावले. महसूल ५०, ६४ आणि ८० कोटी. पहिल्या ग्राहकाची विक्री १२ कोटींवरून ३०.४ कोटींवर गेली आणि बाकी सगळ्यांची ३८ वरून ४९.६ वर. म्हणजे ३० कोटींच्या वाढीतले १८.४ कोटी एकाच घरातून आले. पण बाकीचा धंदाही दोन वर्षांत ३० टक्के वाढला आहे. ३८ टक्के झाले ते एक ग्राहक वेगानं वाढला म्हणून, इतर पळाले म्हणून नव्हे. हा फरक टक्क्यांत दिसत नाही. हाच ग्राहक १२ कोटींवर थांबला असता आणि बाकीचे गळाले असते, तरी टक्केवारी अशीच चढली असती.

तो ग्राहक उद्या गेला तर? स्वतःच्या नावानं विकणाऱ्या सुपरमार्केटला डाळ पुरवण्यात थेट खर्च वजा जाता १० टक्के हाती लागतात असं धरलं, तर ३ कोटी जातील. करापूर्वीचा नफा ३.२ कोटी आहे. कंपनी बुडणार नाही, पण नफा पुसला जाईल, आणि अशा वेळी कोणाचं बिल मागे ठेवतात हे खोकीवाल्याला सांगायला नको.

तो ग्राहक कोण, हे माहितीपत्रकात नाही, पण शोधणं अवघड नव्हतं. सुपरमार्केटच्या नावाचं तूरडाळीचं पाकीट उलटं केलं की पॅकरचं नाव, पत्ता आणि १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक छापलेला असतो. एका साखळीच्या पाकिटावर आपली डाळमिल निघाली. शेजारी त्याच ब्रँडची हरभराडाळ होती, तिच्यावर मात्र पॅकर दुसराच. म्हणजे साखळीकडे पर्याय तयार आहे.

आणखी एक खाचखळगा. एसएमई मंचावरच्या कंपन्यांना इंड एएस लागू नाही. त्या जुन्या लेखा मानकांवर चालतात, आणि तिथल्या १७ क्रमांकाच्या मानकात मोठ्या ग्राहकाची रक्कम सांगायची अटच नाही. त्यामुळे भांडवल उभारताना इतकं सविस्तर दिलेलं चित्र नंतरच्या अहवालांतून गायब होतं. ३८ टक्क्यांचे आज ३० झाले की ४५, हे कागदावर दिसत नाही. माहितीपत्रक जुनं होत जातं, हे धरूनच ते वाचायचं.

पुरवठादारांबद्दल तर ताळेबंदात १० टक्क्यांसारखा नियम कुठेच नाही. माहितीपत्रकात पहिले दहा पुरवठादार मिळून ४६ टक्के होते. पण डाळीत हा आकडा फारसा बोलत नाही: तूर अकोल्याच्या व्यापाऱ्याकडून नाही मिळाली तर लातूरहून येते, भाव तोच. मोठीच्या पाइपांना लागणाऱ्या पीव्हीसी राळेचं तसं नाही. देशात बनवणारे मोजके, निम्म्याहून जास्त माल आयात. राळेवाला पैसे आधी किंवा बँकेच्या पतपत्रावर घेतो, थांबत नाही. थांबतो तो खोकीवाला.

म्हणून शेवटी देण्यांकडे वळलो. बीआरएसआरमध्ये देणी किती दिवसांची, हा आकडा थेट असतो. मोठीचा १४० होता. देण्यांच्या वयाच्या तक्त्यात हे कळलं नसतं, कारण तिथला पहिलाच कप्पा ‘एक वर्षापेक्षा कमी’ इतका ऐसपैस असतो. शिवाय सूक्ष्म-लघु उद्योगांच्या टिपेत थकलेल्या रकमेवरचं व्याज दाखवलं होतं, म्हणजे उशीर होतो हे तिनंच मान्य केलं. लहानीचं आपणच काढलं: देणी ६ कोटी, वर्षाची खरेदी ६६ कोटी, म्हणजे ३३ दिवस. व्यापाऱ्यांना लवकर द्यावं लागतं म्हणून ही सरासरी खाली येते, मित्राला ३३ दिवसांत पैसे मिळतीलच असं नाही. पण थकबाकीच्या टिपेत शून्य होतं.

| | मोठी (ठिबक, पाइप) | लहान (डाळमिल) |
|---|---|---|
| सर्वांत मोठा ग्राहक | टिपेत कोणी नाही. तीन राज्यांच्या संस्था मिळून २२% | ३८% (दोन वर्षांपूर्वी) |
| धोका कसा येईल | पैसे लांबतील | काम अचानक तुटेल |
| देणी किती दिवसांत | १४० | ३३ |
| मित्राचे अडकणारे पैसे | सुमारे ५७ लाख | ६० दिवस धरून सुमारे १० लाख |

शेवटची ओळ महत्त्वाची. दीड कोटीची खोकी १४० दिवसांच्या उधारीवर म्हणजे ५७ लाख अडकले. सीसीची मर्यादाच ५० लाख. जीएसटी तर पैसे येवोत न येवोत, पुढच्या महिन्यात भरायचाच. शिवाय दीड कोटी म्हणजे मित्राच्या आजच्या उलाढालीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. मोठीचा धंदा पसरलेला असला तरी याचा स्वतःचा एकवटला असता. लहानी बुडाली तर जास्तीत जास्त १० लाख जातील. दुखेल, पण मशीन विकावी लागणार नाही.

मी लहानीकडे कौल दिला. एक अट घालायला लावली. मित्राची उद्यम नोंदणी आहे, आणि २००६ च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म-लघु उद्योगाशी ४५ दिवसांवरची उधारी ठरवताच येत नाही. ६० दिवस मागणं हेच मुळात चूक होतं. लहानीनं ४५ मानले, म्हणजे अडकणारी रक्कम साडेसात लाखांवर आली. मोठीला त्यानं नाही म्हटलं नाही. पैसे आगाऊ मिळाले तर छोटी खेप देतो, असं कळवलं. उत्तर अजून आलेलं नाही.

आता दर महिन्याला तो घरच्या किराण्याला त्याच सुपरमार्केटमध्ये जातो आणि तूरडाळीचं पाकीट उलटं करून पॅकरचं नाव बघतो. नाव बदललं तर पुढची खेप थांबवायची, आणि येणं १० लाखांवर जाऊ द्यायचं नाही, एवढं त्यानं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.